मॉनिटर लुकलुकतो, सपोर्टला मेल कसा लिहावा?

प्रश्न: भुसावळला राहतो. वॉरंटीतला २७ इंची मॉनिटर आहे, ब्राइटनेस कमी केला की स्क्रीन लुकलुकते. सपोर्टला दोनदा मेल केला, दोन्ही वेळा उत्तर तेच : "केबल बदलून पाहा, ड्रायव्हर अपडेट करा." मेलमध्ये नेमकं काय लिहू म्हणजे ते पुढे सरकतील?

उत्तर: भाऊ, मेल लिहिण्याआधी एक चाचणी करा. मॉनिटर चालू ठेवून मागची व्हिडिओ केबल काढा. स्क्रीनवर `No Signal` असा चौकोन येईल. ब्राइटनेस आधीच कमी करून ठेवलेला असू द्या आणि त्या चौकोनाकडे नीट बघा. बऱ्याच मॉनिटरवर तो काही सेकंदच टिकतो, मग स्क्रीन झोपते. तेव्हा केबल लावून-काढून परत बघा. चौकोनही लुकलुकत असेल तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि केबल एका फटक्यात बाद. दोष मॉनिटरच्या आतला, बहुधा बॅकलाइटला वीज पुरवणाऱ्या भागातला. चौकोन स्थिर असेल तर मात्र सपोर्टवाले बरोबर सांगत असू शकतात.

तुमची तक्रार ब्राइटनेसशी बांधलेली आहे, हा मोठा धागा आहे. कमी ब्राइटनेसला अनेक मॉनिटर बॅकलाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. ते डोळ्याला सहसा दिसत नाही. उघड लुकलुक दिसते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, किंवा एखादी सेटिंग स्वतःहून उजेड कमी-जास्त करत असते. म्हणून मॉनिटरच्या मेनूत फॅक्टरी रीसेट करा, मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड आणि `Adaptive-Sync` बंद करा. एका वेळी एकच बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. रिफ्रेश रेट विंडोजच्या `Settings > System > Display > Advanced display` मध्ये दिसतो, ड्रायव्हरची आवृत्ती `dxdiag` मध्ये.

मग मेल साधारण असा :

> विषय : २७ इंची मॉनिटर, केबल काढल्यावरही लुकलुकतो, वॉरंटीत
>
> मॉडेल व सिरीयल नंबर : (मागच्या स्टिकरवरचे पूर्ण, फोटो जोडला आहे). खरेदीचं बिल जोडलं आहे.
>
> ब्राइटनेस ३० च्या खाली नेला की पूर्ण स्क्रीन सेकंदाला तीन-चार वेळा मंद-प्रखर होते. ३० च्या वर होत नाही. स्क्रीन काळी पडत नाही, रेषा येत नाहीत.
>
> व्हिडिओ केबल काढल्यावर `No Signal` चा चौकोनही तसाच लुकलुकतो.
>
> मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्ट केबल आणि दुसरी २ मीटरची एचडीएमआय केबल, दोन्ही लावून पाहिल्या. २५६० × १४४० वर १४४ आणि ६० हर्ट्झ, दोन्हीला तेच. दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच.
>
> फॅक्टरी रीसेट केला. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, `Adaptive-Sync` बंद आहेत. यूपीएसच्या बॅटरीवर, मेन बंद ठेवून चालवलं तरी तेच.
>
> वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदली हवी आहे. तक्रार क्रमांक कळवा.

आकडे तुमचे घाला. करून न पाहिलेली ओळ ठेवू नका, फोनवर पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. "केबल बदलून पाहिली" असं मोघम लिहिलं की उत्तर ठरलेलं; कोणती, किती लांब, कुठल्या पोर्टला, हे लिहिलं तर तो मुद्दा तिथेच मिटतो.

यूपीएसची ओळ आपल्याकडे मुद्दाम लागते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर आणि शेजारी मळ्यात पंप. "व्होल्टेजमुळे होत असेल" हे उत्तर हमखास येतं. मॉनिटरचा पॉवर सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्ट सांभाळतो, त्यामुळे व्होल्टेज थोडं खालीवर झाल्याने एवढं होऊ नये. मात्र कूलरचं बटण दाबताच स्क्रीन क्षणभर काळी पडून परत येत असेल, तर ती वेगळी तक्रार : ठिणगीचा विद्युत गोंधळ व्हिडिओ केबलमध्ये शिरतो. तिथे मॉनिटर बदलून मिळाला तरी तेच होईल. कूलर वेगळ्या बोर्डावर लावा आणि चांगल्या शील्डिंगची, आखूड केबल घ्या.

व्हिडिओ वीसेक सेकंदांचा, `No Signal` चौकोनाचा आणि मागच्या स्टिकरपासून सुरू केलेला, मध्ये कट न करता. मोबाइल कॅमेऱ्यात चांगल्या मॉनिटरवरही सरकते पट्टे दिसतात, म्हणून "लुकलुक नुसत्या डोळ्यांनाही दिसते" ही ओळ मेलमध्ये टाका, नाहीतर पट्ट्यांवर बोट ठेवून "हे कॅमेऱ्यामुळे आहे" म्हणतील. जुन्या मेलच्या साखळीतच उत्तर द्या. नवा मेल टाकला की नवी तक्रार उघडते आणि केबलपासून पुन्हा सुरुवात होते.