‘सिरियस आहे, लगेच निघ’ एवढं मात्र म्हणू नका

प्रश्न: माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीला एक वाईट बातमी द्यायची आहे. ती दुसऱ्या गावात असते. फोन करावा, मेसेज टाकावा की थांबून प्रत्यक्ष भेटल्यावर सांगावं?

फोन करा. आजच करा.

बातमी काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे उत्तर तुम्हाला अर्धंच लागू पडेल. पण ‘थांबून’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

२०१९ च्या जूनमध्ये आमचा सुन्या गेला. वय बेचाळीस. सकाळी आंघोळ करून बाहेर आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि सांगलीत दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला होता. सव्वादहाला डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या बायकोजवळ घरच्या बायका होत्या. मी बाहेर जिन्यात फोन घेऊन उभा, आणि मला मंद्याला कळवायचं होतं. मंद्या पुण्यात. सुन्या आणि तो बालवाडीपासूनचे. मी त्यांच्यात आठवीला आलो, म्हणजे मी तिसरा.

शेजारी माझा थोरला चुलतभाऊ होता. आम्ही त्याला दादाच म्हणतो. तो म्हणाला, “फोनवर असलं सांगायचं नसतं. सव्वादोनशे किलोमीटर गाडी मारत येणार आहे तो. सिरियस आहे म्हण, निघ म्हण. आला की समोर बसवून सांगू.”

दादाचं हे कुठून आलंय ते मला माहीत आहे. आमचे आजोबा वारले तेव्हा वडील मुंबईत नोकरीला होते आणि त्यांना तार गेली ती ‘फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली’ अशी. आजोबा तेव्हा आधीच गेलेले होते. त्या काळात सगळ्यांनाच अशी तार जायची आणि ‘सिरियस’चा अर्थही सगळ्यांना कळायचा. तार हातात पडली की घरात रडारड सुरू व्हायची, मजकूर नंतर वाचायचे. म्हणजे ते खोटं बोलणं नव्हतं, ती एक ठरलेली भाषा होती. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. भाषा मात्र दादाच्या तोंडात तशीच राहिली, आणि मंद्याला ती येत नव्हती.

मी फोन केला. “सुन्याला अटॅक आलाय, सिरियस आहे, निघ.” मंद्याने एकच विचारलं, “शुद्धीवर आहे का?” मी म्हणालो, “डॉक्टर बघतायत.” तेरा सेकंदांचा कॉल. नंतर कितीदा तरी कॉल लॉग काढून बघितलाय, म्हणून आकडा पाठ आहे.

पुढचे तीन तास मंद्याने काय केलं? ज्या माणसाचा मित्र जगण्याची शक्यता आहे तो जे जे करील ते सगळं केलं. पुण्यातल्या एका हृदयरोगतज्ज्ञाची ओळख काढली. एका मोठ्या दवाखान्यात बेड सांगून ठेवला. कार्डिअॅक अँब्युलन्सवाल्याशी भाव ठरवला. खंबाटकी उतरल्यावर मला मेसेज आला: ‘५० हजार टाकलेत तुझ्या खात्यात, डिपॉझिट भर, बाकीचे घेऊन येतोय.’ तेव्हा आम्ही सुन्याच्या घरी मांडवाच्या खुर्च्या उतरवत होतो. मी ‘ओके’ लिहिलं. दुसरं काय लिहिणार? एकदा ‘सिरियस’ म्हटलं की प्रत्येक उत्तर त्याच्याच धोरणाने द्यावं लागतं.

पावणेदोनला शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी सुन्याचा फोटो टाकला. गळ्यात हार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मंद्या कराडच्या अलीकडे एका हॉटेलवर चहाला थांबला होता. स्क्रीनवर पट्टी आली, ती त्याने वाचली. बरोबर कोणी नाही. आजूबाजूला कोल्हापूरला निघालेली माणसं मिसळ खात बसलेली.

लोक माध्यमावर वाद घालतात: फोन कोरडा, मेसेज त्याहून कोरडा, भेट सगळ्यात चांगली. माझ्या मते पहिला प्रश्न माध्यमाचा नाहीच. ही बातमी तुमच्याशिवाय आणखी कुणाकडून, किती वेळात त्याच्यापर्यंत पोचेल, हा आहे. आमच्याकडे माणूस गेला की तासाभरात ‘माती किती वाजता’ हे गावभर होतं, कारण लोकांना कामावरून सुटून यायचं असतं. ती बातमी लपवता येत नाही, आणि लपवायचीही नसते. म्हणजे माझ्या हातात फार तर तासभर होता, आणि मी साडेपाच तासांचा बेत करून बसलो होतो.

आता दादाच्या मुद्द्याकडे येतो: रडत गाडी चालवेल, ठोकेल. खरं आहे, तो धोका होता. पण जरा विचार करा, ‘सिरियस’ ऐकलेला माणूस गाडी कशी चालवतो? मंद्याने पुढे एकदा सांगितलं, की साताऱ्यापर्यंत काटा एकशे वीसच्या खाली आला नव्हता आणि निम्मा वेळ फोन कानाला होता. वेळेत पोचलो तर काहीतरी होईल, असं त्याला वाटत होतं. वारला म्हटलं असतं तर तो आधी खाली बसला असता. गेलेल्या माणसाकडे कोणी एकशे वीसने जात नाही. गाडी चालवायला त्याचा मेव्हणा होता, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. मी आधी मेव्हण्याला फोन करायला हवा होता.

तेच आता मी सगळ्यांना सांगतो: फोन आपला, माणूस तिथला. आधी तिकडच्या कुणालातरी गाठायचं, नवरा असेल, शेजारीण असेल, ऑफिसमधलं कोणी असेल, आणि म्हणायचं की तिच्याकडे जाऊन बस, पण तू सांगू नकोस, मी दहा मिनिटांत फोन करतोय. त्याने सांगायचं नाही, कारण त्याला तपशील माहीत नसतात आणि पहिले प्रश्न तपशिलाचेच येतात. कधी, कुठे, कोण होतं जवळ.

माझी बायको मिरजेला आयसीयूत सिस्टर आहे, तिने हे सगळं ऐकल्यावर कपाळाला हात लावला. त्यांना प्रशिक्षणात ‘स्पाइक्स’ म्हणून सहा पायऱ्यांची एक पद्धत शिकवलेली, २००० साली बेल, बकमन वगैरे डॉक्टरांनी मांडलेली. ती कॅन्सरच्या रुग्णाला समोर बसवून सांगण्यासाठी आहे, मित्राच्या फोनसाठी नाही. पण तिच्या मते त्यातल्या दोन गोष्टी फोनवरही चालतात. एक, आधी जागा बघा: कुठे आहेस, गाडीवर आहेस का, जवळ कोण आहे. गाडीवर असेल तर बाजूला घ्यायला सांगायचं आणि थांबायचं. दोन, मुख्य वाक्याआधी एक छोटं वाक्य टाका: “बातमी वाईट आहे, ऐक.” तेवढ्यात माणूस भिंत धरतो, खुर्ची ओढतो. मग मात्र लांबण लावायची नाही.

आणि शब्द नीट वापरायचा. आपल्याकडे ‘गेला’ म्हणायची पद्धत आहे, मी पण वर तेच लिहिलंय. पण फोनवर “सुन्या गेला” म्हटलं की समोरून “कुठे गेला?” येतं, आणि मग तुम्हाला तेच दुसऱ्यांदा, जास्त उघडं करून सांगावं लागतं. “ऑफ झाला” म्हणतात आमच्या भागात, ते मित्राच्या बाबतीत मला तरी म्हणवत नाही. “सुन्या वारला. आज सकाळी, हार्ट अटॅकने.” एवढंच.

त्यानंतर फोनवर जी शांतता पडते तिला लोक घाबरतात आणि “हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का?” सुरू करतात. रेंज गेलेली नसते हो. दर थोड्या वेळाने “मी आहे फोनवर” म्हणायचं, बस. माती किती वाजता, गाडी कोण चालवणार, हे तिने विचारल्यावर सांगायचं. व्हिडिओ कॉल अजिबात नको. आपला चेहरा कुणी बघतंय, हे ओझं त्या क्षणी कशाला द्यायचं?

आता भेट. भेटून सांगणं वाईट नाही, पण ते बातमी फुटणार नाही तेव्हाच, आणि तुम्ही अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असाल तेव्हा. स्वतःचं आजारपण, घटस्फोट, असलं काही. तेही हॉटेलात नको, ऐन वेळी डोसा येतो. आणि ‘शनिवारी भेटू, महत्त्वाचं बोलायचंय’ असा निरोप बुधवारी देऊ नका. ते तीन दिवस ती तुमच्या बातमीपेक्षा भयंकर अशा दहा बातम्या मनात रचून ठेवते. भेटायचं तर दारात जाऊन उभं राहा.

मेसेजला मी इतका वेळ वाईट ठरवलंय, पण एक अपवाद मी घरातच पाहिला. बायकोची एक मैत्रीण बरीच वर्षं आयव्हीएफ करत होती, आणि आमच्याकडे दुसऱ्यांदा गोड बातमी होती. आमची गोड, तिला ती कशी लागणार हे आम्हाला ठाऊक होतं. बायकोने फोन केला नाही, भेटलीही नाही. चार ओळी लिहिल्या, शेवटी ‘लगेच उत्तर देऊ नकोस, तुला हवं तेव्हा बोलू’. मी म्हटलं, हे कसलं मित्रत्व? ती म्हणाली, “फोन केला तर तिला त्याच क्षणी ‘अय्या, अभिनंदन’ म्हणावं लागेल. तेवढं तरी तिच्यावर नको.” नऊ दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. तेव्हा मान्य केलं. जिथे समोरच्याला तोंडदेखलं हसावं लागणार असतं, तिथे मेसेजच करावा. पण मरणाची बातमी त्यात येत नाही. निळ्या टिकेवरून पलीकडचं माणूस उभं आहे की कोसळलंय, कळत नाही.

हे सगळं मंद्यासारख्या माणसाबद्दल झालं. तुमच्या मैत्रिणीला बीपीचा, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, ती एकटी राहत असेल, तर आधी तिच्या घरच्यांना विचारा आणि मग ठरवा. हे खरं तर मी वर लिहायला हवं होतं.

पन्नास हजार मी परत पाठवले, त्याने पुन्हा माझ्याकडे पाठवले. असं दोनदा झालं. मग ते सुन्याच्या मुलीच्या नावाने ठेवले. मंद्या आता बोलतो माझ्याशी, दिवाळीला येतो. दादाशी मात्र माझी दरवर्षी एकदा तरी जुंपते आणि तो तेच म्हणतो, “पोचला ना नीट?”

पोचला, दादा. साडेपाचला. सहाची माती होती. अंगणात येऊन त्याने चपला काढल्या, मला ओलांडून आत गेला, आणि अँब्युलन्सवाल्याचा तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, “याला काय सांगू, ते तूच सांग.”