फोनवर पहिला एपिसोड: चादर, पंखा आणि शेजारचे माग

प्रश्न: मी सोलापूरचा, पहिल्यांदाच पॉडकास्ट करतोय. फोन आणि जुना लॅपटॉप आहे, माइक नाही. एक एपिसोड रेकॉर्ड करून पब्लिश करेपर्यंत नेमकं काय काय करायचं?

माइक नसला तरी चालतं, मी पहिला एपिसोड फोनवरच केला. आमचे मामा पूर्व भागात आयुष्यभर यंत्रमागावर होते, त्यांच्याशी गप्पा. सगळ्यात जास्त डोकं खोलीसाठी लावा, कारण तिथं बिघडलेलं नंतर सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण सुधरत नाही.

पहिल्या वेळी आम्ही हॉलमध्ये बसलो. फरशी, उघड्या भिंती, वर पंखा आणि शेजारच्या कारखान्यातली मागाची खटखट. ऐकलं तर मामा विहिरीतून बोलतायत असं वाटत होतं. दुसऱ्या वेळी कारखाना कधी बंद असतो ते विचारून घेतलं आणि पहाटे साडेपाचला बसलो, आत्ता उन्हाळ्यात पंखा बंद ठेवायचा तर दुसरी वेळच नाही. बेडरूम निवडली, गादीवर बसलो, मामांच्या मागच्या भिंतीला आणि समोरच्या कपाटाला दोरी बांधून घरातल्या जाड सोलापुरी चादरी लटकवल्या. आवाज भिंतीवर आपटून परत यायचा तो बराच कमी झाला.

फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घडी केलेल्या चादरीवर ठेवा, टेबलावर ठेवला तर पेला ठेवल्याचाही धप्प आवाज येतो. तोंडापासून एक वीत अंतर, पण तोंडाच्या अगदी समोर नको, जरा बाजूला, नाहीतर प आणि फ म्हणताना हवेचा फटका बसतो. रेकॉर्डर ॲपमध्ये WAV असेल तर तेच निवडा, व्हॉइस नोटवर अजिबात करू नका. आधी एक मिनिट टेस्ट घ्या, समोरच्याला मोकळेपणानं हसायला लावा, आणि ती फाइल लॅपटॉपवर Audacity या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा (फुकट आहे). लाटांची उंच टोकं पट्टीच्या अर्ध्यापर्यंत आली की झकास. टोकं वरून कापल्यासारखी सपाट दिसली तर आवाज फाटलाय, मग फोन लांब घ्या. आणि बोलायच्या आधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, ही शांतता पुढं कामाला येते.

आता एडिटिंग. फाइल M4A असेल तर Audacity ला FFmpeg नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, नाहीतर उघडतच नाही. तीच गप्प बसलेली दहा सेकंदं सिलेक्ट करा, Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबा, मग सगळा ट्रॅक सिलेक्ट करून परत तोच इफेक्ट लावा, आकडा १२ डीबीच्या वर नको. जास्त केलं की माणूस माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. हे पंख्यासारख्या एकसारख्या घरघरीवर चालतं, मागाच्या खटखटीवर किंवा हॉर्नवर नाही, म्हणून तर पहाटे बसायचं.

मग कापाकापी. आमचं ३४ मिनिटांचं १९ वर आलं. दोनदा सांगितलेलं, मधेच दारावर आलेला दूधवाला, माझे लांबलचक प्रश्न, सगळं काढलं. पण मामा बोलता बोलता थांबतात ते थांबणं ठेवलं, ते काढलं असतं तर माणूस घाईत असल्यासारखा झाला असता.

शेवटी Loudness Normalization या इफेक्टमध्ये आवाजाची एकूण पातळी -१६ LUFS ठेवा, LUFS हे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, म्हणजे ऐकणाऱ्याला आवाज कमीजास्त करत बसावं लागत नाही. मोनोमध्ये, ९६ केबीपीएसची MP3 काढा, नुसत्या बोलण्याला पुरते. आमची १९ मिनिटांची फाइल साधारण १४ एमबी झाली. एकदा इअरफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर पूर्ण ऐका.

पब्लिश करायला Spotify for Creators वर फुकट खातं उघडा. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, अक्षरं मोठी, कारण फोनवर ते नखाएवढं दिसतं. भाषा मराठी निवडायला विसरू नका. शीर्षकात 'एपिसोड १' नको, विषय लिहा, आम्ही 'मागाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारे मामा' असं दिलं. Apple Podcasts वरही हवं असेल तर सेटिंगमधून आरएसएस लिंक, म्हणजे दुसऱ्या ॲपना तुमचे एपिसोड मिळतात तो पत्ता, चालू करून घ्या आणि Apple Podcasts Connect मध्ये टाका, तिथं आधी तपासणी होते म्हणून लोकांना तारीख सांगायच्या आधी टाकून ठेवा.

नंतर चूक सापडली तर एपिसोड डिलीट करू नका, त्याच एपिसोडची ऑडिओ फाइल बदला. फक्त ज्यांनी आधीच डाउनलोड केलाय त्यांच्याकडं जुनाच राहतो.