‘स्वतः सोडव’ नको, ‘हे 120 कशाचे?’ लिहा

प्रश्न: आठवीची मुलं गणिताचा गृहपाठ गाइडमधून जशाच्या तशा उतरवून आणतात. वहीवर ‘स्वतः सोडव’ लिहून लिहून थकलो. असा कोणता शेरा लिहू की कोणी स्वतः केलंय ते वर्गातच कळेल? (यवतमाळ जिल्हा, ग्रामीण शाळा)

उत्तर:

‘स्वतः सोडव’ हा शेरा नाही, आरोप आहे. ज्याने उतरवलं तो गप्प बसतो आणि ज्याने खरंच सोडवलं तो दुखावतो. ‘स्पष्टीकरण लिही’ हेही तितकंच निकामी, कारण गाइडमध्ये स्पष्टीकरणही छापलेलं असतं. मूल दुसऱ्या दिवशी तेही उतरवून आणतं, वही आणखी भरते आणि तुम्हाला नवीन काहीच कळत नाही.

शेरा मुलाच्या उत्तरातल्या एका ठरावीक जागेवर बोट ठेवणारा हवा. जागा निवडायची ती जिथे मुलाला काहीतरी ठरवावं लागलं असेल. व्यस्त चलनाचं साधं उदाहरण घेतो. 15 मजूर एका शेताचं निंदण 8 दिवसांत करतात, तर तेच काम 6 दिवसांत संपवायला किती मजूर लागतील? वहीत हे असतं:

n × d = k
15 × 8 = 120
n × 6 = 120
n = 20

सगळं बरोबर, आणि तीस वह्यांमध्ये अक्षरशः असंच. इथे ‘बरोबर’ची खूण करून वही मिटली तर काहीच हाती लागत नाही. 120 भोवती पेन्सिलीने गोल करा आणि समासात लिहा: “हे 120 कशाचे? मजुरांचे की दिवसांचे?”

उतरवणाऱ्याकडे 120 ला नाव नसतं. तो “120 मजूर” लिहितो, नाहीतर “k म्हणजे स्थिरांक” एवढ्यावर थांबतो. ज्याने विचार केला तो अडखळत का होईना, पण नाव शोधतो. आपल्याकडच्या मुलांना हे नाव घरीच मिळालेलं असतं. “एकच बाई असन तर तिले 120 रोज लागन” असं एखादी पोरगी लिहिते. ‘रोज’ हा शब्द तिने कोणत्याही गाइडमधून आणलेला नाही. एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक रोज, आणि इथल्या घराघरांत मजुरीचा हिशोब त्यातच होतो. पुस्तकाने ज्याला k म्हटलं त्याचा अर्थ तिच्याजवळ आहे, हे त्या एका वाक्यावरून कळतं.

इथे मला एक स्पष्ट सांगायचं आहे, कारण यावरून स्टाफरूममध्ये मी वर्षानुवर्षं वाद घातला आहे. त्या वाक्यातलं ‘लागन’ खोडून लाल शाईने ‘लागतील’ करणारे गुरुजी स्वतःच पुरावा पुसतात. पुढच्या वेळी ती पोरगी पुस्तकी वाक्य आणेल, आणि पुस्तकी वाक्य कोणाचं हे मग कोणालाच सांगता येणार नाही. भाषेची दुरुस्ती मराठीच्या तासाला व्हावी. समासातल्या शेऱ्याच्या उत्तराला शुद्धलेखनाची शाई लावू नये, यावर मी ठाम आहे.

दुसरा शेरा याहून कामाचा आहे: “6 ऐवजी 7 दिवस दिले तर किती जणी बोलावशील? का?” 120 ला 7 ने भागलं की 17.14 येतं. नियम पाठ असलेलं मूल .14 सोडून 17 लिहितं. पण 17 जणींचे 7 दिवसांत 119 रोज होतात, एक रोज उरतो. म्हणून 18 हव्यात. कोणी लिहिलं की “17च बोलावू, एक जण आठव्या दिवशी येईल”, तर तेही चांगलं उत्तर. 7 दिवसांची अट त्याने मोडली हे त्याच्याकडून वदवून घ्या. 17 लिहून गप्प बसणारा आणि आठव्या दिवसाचा विचार करणारा, दोघांच्या वहीत मूळ उत्तर 20च होतं. फरक पडला तो या शेऱ्याने.

तिसरा: “गुणाकार केलास, भागाकार का नाही?” हा थोडा कठीण आहे. 15 ला 8 ने भागलं तर येणाऱ्या आकड्याला शेतात काही अर्थच नाही, इथपर्यंत यायला मुलाला वेळ लागतो. ज्यांना पहिले दोन जमले त्यांच्यासाठीच हा ठेवा.

तीन शेरे लागतात ते एवढ्यासाठी की सगळ्या वह्यांवर एकच शेरा असला तर त्याचं उत्तर मधल्या सुट्टीत बाकाबाकावरून फिरतं. शेजारी बसणाऱ्यांना वेगळे शेरे द्या. नुसतं ‘का?’ मात्र कधी लिहू नका; त्यावर “कारण तसा नियम आहे” एवढंच येतं.

शेऱ्याचं उत्तर घरी द्यायला सांगितलं तर सगळी मेहनत वाया जाते. तासाच्या सुरुवातीला वह्या वाटा, गाइड दप्तरात, स्वतःची वही उघडी, आणि शेऱ्याखाली चार ओळी लिहायला सात मिनिटं. स्वतःचं उत्तर बघू द्या, ही पाठांतराची परीक्षा नाही. नंतर तिघांना फळ्याजवळ बोलवा: एक ज्याला नाव सापडलं, एक ज्याने 17 लिहिलं, एक ज्याने 18. 17 वाल्याला आधी बोलू द्या, नाहीतर 18 ऐकून तो गप्प बसतो. “हे कुठून उतरवलंस?” हा प्रश्न वर्गात एकदाही विचारू नका. 119 आणि 120 मधला एक रोज फळ्यावर दिसला की कोणाचं उत्तर कोणाचं आहे ते सगळ्या वर्गाला कळतं.

वेळेचं म्हणाल, तर चाळीस वह्यांवर रोज शेरे लिहिणं कोणालाच शक्य नाही. रोज आठ वह्या, वहीमागे एकच शेरा, म्हणजे पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. बाकीच्यांवर नुसती खूण. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी हीच उत्तरं जशीच्या तशी वापरा. “120 ला रोज म्हणते, 17.14 चे 18 का ते सांगते” ही नोंद त्या एकाच मुलीची असते. तयार पुस्तिकेतून ‘गणितात रुची दाखवते’ उतरवणाऱ्या शिक्षकाने मुलांच्या गाइडला नावं ठेवू नयेत.

एक राहिलं. उत्तर न देणारं मूल उतरवणारंच असतं असं नाही. काहींना रीत पक्की येते, पण शब्दांत सांगायची सवय नसते. मेळघाटात घरी कोरकू आणि गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांना मराठीत कारण लिहिणं हेच मोठं काम असतं. त्यांना चित्र काढू द्या: 15 रेघा एका ओळीत, अशा 8 ओळी. त्याच रेघा 6 ओळींत पुन्हा मांडायला सांगा. एका ओळीत 20 येतात हे हाताने दाखवलं तर शब्द नसले तरी चालतं. आणि उलटही होतं. गाइडमधून उतरवता उतरवता एखाद्याला खरंच समजलेलं असतं आणि तो 18 चं कारण नीट सांगतो. त्याला पूर्ण श्रेय द्या. शेऱ्याच्या उत्तरावर गुण कापू नका. कापले की पुढच्या आठवड्यात मुलं शेऱ्यांचीही उत्तरं मोठ्या भावाकडून लिहून आणतात.