ग्रुपमध्ये जुना पत्ता किंवा तारीख शोधायची असेल तर

प्रश्न: व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-तीन वर्षांपूर्वी एकाने पत्ता पाठवला होता, आता सर्च करून सापडतच नाहीये, काय करू?

पत्ता शोधू नका, त्याच्या आजूबाजूला झालेलं बोलणं शोधा. पत्ता पाठवणारा मेसेजमध्ये "पत्ता" हा शब्द बहुतेक वेळा लिहीतच नाही, नुसतं घर नंबर, रस्ता, पिनकोड टाकतो किंवा सरळ फोटो नाहीतर लोकेशन पाठवून मोकळा होतो, आणि ग्रुपमधलं सर्च फक्त टाइप केलेला मजकूर बघतं, फोटोतली अक्षरं किंवा व्हॉइस नोटमधलं बोलणं त्याला सापडत नाही.

माझंच सांगतो. मावसभावाच्या नवीन घराचा पत्ता हवा होता. "पत्ता" टाकलं, "address" टाकलं, ढीगभर मेसेज आले पण हवा तो एकही नाही. मग आठवलं की तेव्हा कोणीतरी लिफ्टबद्दल विचारलं होतं. "लिफ्ट" देवनागरीत टाकलं तर काहीच नाही, इंग्रजीत "lift" टाकलं तर सहा मेसेज, त्यातला तिसरा "lift chalu ahe na?" असा. त्यावर टॅप केलं की चॅट थेट तिथे उघडतं, तिथून दहा-पंधरा मेसेज वर गेलो तर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो, त्यावर पूर्ण पत्ता! म्हणून प्रत्येक शब्द दोन्ही लिपीत टाकून बघाच, आकडेसुद्धा, कारण ४११ आणि 411 एकच धरले जातील याचा भरवसा नाही.

असा शब्द आठवत नसेल तर तारखेवरून जा. ग्रुपमध्ये सर्च उघडलं की बाजूला कॅलेंडरचं चिन्ह दिसतं (अँड्रॉइडवर हे 2024 मध्ये आलं, ॲप जुनं असेल तर आधी अपडेट करा), तारीख निवडली की त्या दिवसाच्या मेसेजवर पोचता. तारीख कुठून आणायची? तिकडे गेला होतात तेव्हाचे गॅलरीतले फोटो बघा आणि त्याच्या आठवडाभर आधीपासून वाचायला लागा, पत्ता सहसा जायच्या एक-दोन दिवस आधीच मागितला जातो. मॅपची लिंक आली असेल असं वाटत असेल तर ग्रुपच्या नावावर टॅप करून मीडिया, लिंक्स, डॉक्स मधली लिंक्सची यादी बघा, किंवा सर्चमध्ये हे टाका:

```
maps
```

तारीख शोधत असाल तर एक घोटाळा होतो, लोक "12 मार्च" लिहीत नाहीत, "येत्या रविवारी" नाहीतर "परवा" लिहितात. त्यामुळे महिन्याचं नाव टाकून काही मिळत नाही, वारच टाका आणि मग तो मेसेज कुठल्या तारखेचा आहे ते वर बघून पुढे मोजा. आणि त्याच्या खालचे मेसेज पण वाचा, दिवस नंतर बदललेला असतो बऱ्याचदा.

एवढं करूनही नाही मिळालं तर मेसेज तुमच्या फोनमध्येच नसेल, बॅकअप न घेता फोन बदलला असेल किंवा तुम्ही ग्रुपमध्ये नंतर आला असाल तर जुनं सहसा दिसत नाही. मग ग्रुपमधल्या जुन्या माणसाला तोच आठवलेला शब्द देऊन त्याच्या फोनवर शोधायला सांगा.