डेल्टा रोबोट: जागेवरून कोन, कोनांवरून जागा

प्रश्न: डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी छोटा डेल्टा करतोय. बेसच्या केंद्रापासून मोटरच्या अक्षापर्यंत २०० मिमी, वरचा हात ३००, खालचे दांडे ७००, प्लॅटफॉर्मची त्रिज्या ५०. बिंदू (१००, ०, −६५०) साठी मोटरचे कोन कसे काढू? प्रत्येक हाताला दोन उत्तरं येतात.

तिन्ही हातांचं गणित एकदम मांडू नका. डेल्टाची मोठी सोय ही, की खालच्या दांड्यांच्या समांतरभुज जोड्या प्लॅटफॉर्मला तिरका होऊ देत नाहीत. त्यामुळे प्रत्येक हात स्वतंत्रपणे सुटतो. बिंदू त्या हाताच्या दिशेत फिरवून घ्या, म्हणजे कोपर एका उभ्या वर्तुळावर फिरतं. त्या वर्तुळावर प्लॅटफॉर्मच्या सांध्यापासून बरोबर ७०० मिमीवर असलेली जागा शोधायची, एवढंच काम उरतं. x अक्ष पहिल्या हाताकडे, z वरच्या दिशेने धन आणि z चं शून्य मोटरच्या अक्षांच्या पातळीवर धरलंय. हात आडवा असताना कोन शून्य, खाली गेला की धन.

```python
from math import *
R, r, L, l = 200, 50, 300, 700

def kon(x, y, z, phi):
    p = radians(phi)
    xa =  x*cos(p) + y*sin(p)
    ya = -x*sin(p) + y*cos(p)
    a = xa + r - R
    E, F = -2*a*L, 2*z*L
    G = a*a + ya*ya + z*z + L*L - l*l
    return degrees(atan2(F, E) + acos(-G/hypot(E, F)))
```

`phi` ला ०, १२०, २४० दिलं की तुमच्या बिंदूसाठी ८.०६°, २६.९८°, २६.९८° येतात. शेवटच्या ओळीत अधिकऐवजी उणे घातलं तर पहिल्या हाताला −१७९.२७° मिळतं, म्हणजे हात उलटा फिरून बेसच्या आत शिरलेला. गणिताला तेही मान्य असतं, लोखंडाला नाही. कोपर बाहेर ठेवणारं उत्तर तेवढं घ्या. `acos` ने `math domain error` दिली तर बिंदू हाताच्या पल्ल्याबाहेर आहे.

पण एरर आली नाही म्हणून बिंदू सुरक्षित ठरत नाही. दुसऱ्या हाताच्या दांड्या इथे बाजूला ७.१° कलतात (`ya` भागिले `l`, त्याचा व्यस्त साइन). बॉल जॉइंट किती कलू शकतो ते मोजा आणि ती मर्यादा कोडमध्ये वेगळी घाला. नाहीतर स्प्रिंगने धरलेला बॉल एखाद्या कोपऱ्यात वाटीतून निसटेल.

प्रश्न: कंट्रोलरला जागेवरून कोन काढता आले की झालं. मग कोनांवरून जागा काढायचं गणित कशाला शिकवतात?

मशीन चालू केल्यावर कंट्रोलरला फक्त एन्कोडरचे तीन आकडे दिसतात. प्लॅटफॉर्मला लावलेला वस्तू उचलणारा कप कुठे आहे हे कळल्याशिवाय पहिली हालचाल ठरवता येत नाही, म्हणून ते गणित लागतं.

तीन कोन माहीत असले की तिन्ही कोपरांच्या जागा कळतात. प्रत्येक कोपर केंद्राकडे ५० मिमी सरकवा, म्हणजे प्लॅटफॉर्म एका बिंदूइतका धरता येतो. आता प्रत्येक सरकवलेल्या कोपराभोवती ७०० मिमी त्रिज्येचा गोल कल्पा. तीन गोल जिथे एकत्र छेदतात तिथे कप. गोलांची समीकरणं एकमेकांतून वजा केली की वर्ग उडतात आणि दोन सरळ समीकरणं उरतात. त्यांतून x आणि y हे z च्या रूपात लिहायचे आणि एका गोलात घालून वर्गसमीकरण सोडवायचं.

इथेही उत्तरं दोन येतात. वरच्याच कोनांसाठी एक (१००, ०, −६५०) आणि दुसरं साधारण (−५७, ०, ४४४), म्हणजे मोटरच्या पातळीच्याही जवळजवळ अर्धा मीटर वर. खालचं घ्या. दोन्ही उत्तरं एकमेकांजवळ येऊ लागली तर मात्र सावध व्हा. तिथे दांड्या कोपरांच्या प्रतलात झोपत चाललेल्या असतात आणि मोटर घट्ट धरूनही प्लॅटफॉर्म हाताने हलतो.

प्रश्न: कप x = −१०० वरून +१०० ला नेतो. दोन्ही टोकांना उंची बरोबर −६५०, पण मधे कप खाली झुकून पाकिटांना घासतो. दांड्या वाकतात का?

दांड्यांना दोष देऊ नका. तुम्ही बहुतेक प्रत्येक मोटर सुरुवातीच्या कोनापासून शेवटच्या कोनापर्यंत सरळ फिरवताय. वरच्या प्रश्नातलीच मापं घेऊन पाहू. डाव्या टोकाला कोन ३२.७८°, १४.५६°, १४.५६°, उजव्या टोकाला ८.०६°, २६.९८°, २६.९८°. त्यांचे मध्य २०.४२°, २०.७७°, २०.७७°. पण मध्यबिंदू (०, ०, −६५०) साठी तिन्ही कोन १९.४५° हवेत. म्हणजे मधल्या क्षणी तिन्ही हात गरजेपेक्षा सव्वा-एक अंशाने खाली आहेत आणि कप −६५७.६ वर. साडेसात मिलिमीटरचा हा झोळ शुद्ध भूमितीचा आहे, वेग अर्धा केला तरी तेवढाच राहील. तुमची शंका तपासायची चाचणीही हीच: वेग कमी केल्यावर झोळ कमी झाला तरच दांड्या किंवा सर्वो ट्यूनिंग पाहा.

उपाय म्हणजे कपाचा मार्ग आधी अवकाशात आखा आणि दर मिलिसेकंदाला त्यावरच्या बिंदूचे कोन काढा. गणित एवढं हलकं आहे की साध्या प्रोसेसरलाही जमतं. उचलण्याच्या कामात मार्ग उलट्या U सारखा असतो. कंपन्या वेग सांगताना वापरतात ती चाल २५ मिमी वर, ३०५ मिमी आडवी, २५ मिमी खाली अशी आहे. कोपरे गोल करा. रेमाँ क्लॅव्हेल यांनी १९८० च्या दशकात लोझानच्या ईपीएफएलमध्ये मोटर बेसवर ठेवून हात हलके केले ते वेगासाठीच, आणि काटकोनात थांबलात तर तो फायदा वाया जातो.

प्रश्न: डायल गेज लावला तर x = −१०० ते +१०० जाताना कप सरळ रेषेत ०.८ मिमी खाली उतरतो. फ्रेमखाली शिम घालू का?

थांबा, आधी स्पिरिट लेव्हल घ्या. २०० मिमीत ०.८ म्हणजे मीटरला ४ मिमी, एवढा कल बुडबुड्याला सहज दिसतो. बेल्ट, बेस आणि प्लॅटफॉर्म तिन्ही मोजा. बेस आणि प्लॅटफॉर्म दोन्ही बेल्टच्या तुलनेत सारखेच कललेले असतील तर फ्रेमच तिरकी आहे, शिम घाला. प्लॅटफॉर्म एकटाच कललेला असेल तर एखाद्या जोडीतल्या दोन दांड्यांची लांबी जुळत नाही. तिन्ही समांतर असूनही कपाचा मार्ग उतरता असेल तर दोष होमिंगचा, म्हणजे एखाद्या हाताचा सुरुवातीचा कोन कंट्रोलरने चुकीचा धरलाय.

तुमचा रोबोट पहिल्या प्रश्नातल्या मापांचा धरतो. पहिला हात कंट्रोलरला वाटतो त्यापेक्षा १° खाली असेल तर कप x = −१०० ला १.२, मध्यावर २.१ आणि +१०० ला २.९ मिमी खाली जातो. प्लॅटफॉर्म मात्र सपाटच राहतो, म्हणून फसायला होतं. या हिशेबाने तुमची चूक सुमारे अर्ध्या अंशाची आहे. पडताळा घ्यायचा तर मध्यावर कप पहिल्या हातापासून साधारण २.७ मिमी दूर सरकलेला आणि १ मिमी खाली दिसेल. तो खाली असण्याऐवजी २ मिमी वर असेल तर पहिला हात ठीक आहे आणि बाकीचे दोन अर्ध्या अंशाने वर अडकलेत.

आकड्यांतून दोषी हात ठरला की त्याच्या होम ऑफसेटमध्ये अर्धा अंश सुधारा आणि तिन्ही हातांच्या दिशेने उंची पुन्हा मोजा. पाकिटांची जागा सांगणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन त्यानंतर करा. आधी केलंत तर आडवी चूक त्यात मुरते आणि फक्त उंचीची दिसत राहते.