वेरूळ एकट्याने, अजिंठा गाईडबरोबर

चि. स. आ.

तुझं पत्र मिळालं. तुम्ही तिघं रविवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला पोहोचणार, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. दोन्हीकडे गाईड घ्यावा का, की 'पैसे वाया' म्हणून दोन्हीकडे टाळावा, असं विचारलंयस. दोन्हीकडे एकच उत्तर लागू पडेल हे तू आधीच धरून चाललायस, आणि चूक तिथेच आहे.

मी पहिल्यांदा अजिंठ्याला गेलो तेव्हा तुझ्याएवढाच होतो आणि तुझ्यासारखाच हट्टी. पुस्तक वाचून गेलो होतो, गाईडची गरज काय? दोन तासांत सगळी लेणी उरकून खाली येऊन चहा प्यायलो. त्या दिवसाचं आज काय आठवतं? पद्मपाणी, कारण तो कॅलेंडरवर पाहिलेला होता. बाकी अंधार, मातकट रंग आणि पायऱ्या. सतरा नंबरच्या लेण्यात मी पाच मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो. डोळे अंधाराला सरावायच्या आतच बाहेर पडलो होतो.

आता त्याच सतरा नंबरच्या उजव्या भिंतीवर काय आहे ते सांगतो. सिंहल नावाचा व्यापारी जहाज फुटून एका बेटावर लागतो. तिथल्या सुंदर बायका म्हणजे खरं तर राक्षसिणी. एक पांढरा घोडा त्याला तिथून सोडवून आणतो. पण त्यांच्यातली एक पाठलाग करत त्याच्या राजापर्यंत पोहोचते, राजा तिच्यावर भाळतो आणि मग राजवाड्यातच राक्षसिणींची मेजवानी होते. शेवटी सिंहल राजा होतो आणि फौज घेऊन त्या बेटावर चालून जातो. एवढी मोठी गोष्ट एकाच भिंतीवर आहे, पण चौकटी नाहीत. सिंहल पुन्हा पुन्हा दिसतो. आपण कॉमिकसारखं डावीकडून उजवीकडे वाचायला जातो आणि गोंधळतो, कारण अजिंठ्याच्या चित्रकारांनी बऱ्याच भिंतींवर प्रसंग काळाच्या क्रमाने लावलेलेच नाहीत. एकाच ठिकाणी घडलेले प्रसंग, मग त्यांत कितीही काळ गेलेला असो, शेजारी शेजारी काढले आहेत. हे कुणीतरी बोट दाखवून सांगावं लागतं. पुस्तक हातात धरून त्या उजेडात वाचता येत नाही, आणि मान वर-खाली करण्यात गोष्टीचा धागा सुटतो.

म्हणून अजिंठ्याला गाईड घे. पण कोणताही नको, आणि सगळ्या लेण्यांसाठीही नको.

माझ्या दुसऱ्या खेपेला मी गाईड घेतला होता, तोही शहरातूनच, गाडीबरोबर ठरवून. त्याने एक नंबरमध्ये एकाच डोक्याची चार हरणं दाखवली. मग गाभाऱ्यातल्या बुद्धावर उजेड एका बाजूने टाकला की चेहरा हसरा, दुसऱ्या बाजूने उदास, समोरून ध्यानस्थ, हा खेळ दाखवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि बघण्यासारख्याही आहेत. पण त्याच्याकडे तेवढंच होतं. दीड तासात आम्ही बाहेर, आणि परतीच्या वाटेवर पाऊण तास एका साड्या-शालींच्या दुकानात. 'फक्त बघा, घेऊ नका.' चहासुद्धा आला. त्याची खरी कमाई कुठे होती ते मला चहा पिताना कळलं.

तेव्हापासून मी गाईड लेण्यांपाशीच ठरवतो. सरकारमान्य गाईडच्या गळ्यात ओळखपत्र असतं, ते आधी बघायचं. पैसे ग्रुपचे आहेत की माणशी, हे सुरुवातीलाच स्पष्ट बोलायचं. आणि मग दोन प्रश्न विचारायचे. पहिला: सतरा नंबरमध्ये किती वेळ थांबू या? 'सगळं दीड तासात दाखवतो' असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढे जा. दुसरा प्रश्न जरा खोडसाळ आहे: सोळा नंबरमधल्या त्या 'मरणोन्मुख राजकन्ये'ला काय झालं होतं? जुन्या पठडीतला गाईड म्हणेल, ती आजारी होती, मरतेय. जाणकार माणूस म्हणेल, ती मरत नाहीये. ती सुंदरी, नंदाची बायको. बुद्धाचा भाऊ नंद भिक्खू झाला आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक घरी आला, तो पाहून ती कोसळली. तो मुकुट चित्रात आहे. ज्याला तो माहीत आहे, त्याच्याबरोबर तीन तास जायला हरकत नाही.

त्याला फक्त चार लेणी मागायची: 1, 2, 16 आणि 17. सकाळी सगळे ग्रुप एक नंबरमध्ये घुसतात, कारण चढून गेल्यावर तेच पहिलं लागतं. गाईड तयार असेल तर सोळा-सतरा आधी उरका आणि गर्दी ओसरल्यावर मागे या. नंतर त्याचे पैसे देऊन त्याला मोकळं करा आणि उरलेल्या लेण्यांत तुम्ही तिघंच फिरा. दहा नंबरच्या चैत्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 रोजी कोरलेलं आपलं नाव शोधा. ते डोक्याच्या बरंच वर आहे. तो काही उंच नव्हता, तेव्हा लेण्यात ढिगारा साचला होता आणि तो त्यावर उभा होता. सव्वीस नंबरमधला परिनिर्वाणाचा बुद्ध मात्र कुणी काहीही न बोलता बघायचा. तिथे गाईड नकोच.

वेरूळला उलटं आहे. तिथे रंग नाही, दगड आहे, आणि दगडातल्या बऱ्याच गोष्टी तुला आजीने सांगितलेल्या आहेत. कैलास लेण्याच्या दक्षिणेकडे रावण कैलास हलवतोय हे तुला कुणी सांगायची गरज आहे का? एकवीस नंबरमध्ये शंकर-पार्वती सारीपाट खेळताहेत, हे बघताक्षणी कळतं. जैन लेण्यांत बाहुबलीच्या पायावर वेल चढलेली दिसली की ओळख पटते. गाईड कैलासात तासभर घालवून बाहेर काढतो, आणि तिथे हवा असतो नेमका वेळ. प्रदक्षिणा घाला, पायथ्याचे हत्ती बघा, मग वर चढायची वाट उघडी असेल तर डोंगरावरून खाली पाहा. हे वरून खाली खोदत आणलंय, ते वरूनच कळतं. आणखी एक: वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन दुपारनंतर आत येतं. गाईडच्या सकाळच्या फेरीत ते मिळत नाही. एक भाग मात्र मी एकट्याने गेल्यामुळे गमावला, तो बारा नंबरच्या तीन मजल्यांचा. तिथे बोधिसत्त्वांच्या रांगा आहेत आणि कोण कोण ते मला आजही धड सांगता येत नाही. ते जमवायचं असेल तर निघण्याआधी वाचून जा.

आता तुझ्या बेताबद्दल. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे तू ठरवलेल्या क्रमाने गेलास तर दोन्ही दिवस दारातून परत येशील. अदलाबदल कर: सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. वेरूळला दुपारी बारानंतर पोहोचलात तरी चालेल, संध्याकाळपर्यंत थांबा. अजिंठ्याला मात्र शहरापासून शंभरेक किलोमीटर जायचंय, म्हणून सकाळी सहाला निघा आणि नऊला दार उघडताना तिथे हजर राहा. चांगले गाईड दहापर्यंत संपतात.

तुझे
सर