ओठ नीट असताना फक्त टाळू कशी दुभंगते?

प्रश्न: आमच्या बाळाचा ओठ अगदी व्यवस्थित आहे, पण टाळूला मागच्या बाजूला फट आहे. ओठ न फाटता फक्त टाळूच कशी दुभंगते?

उत्तर: ओठ आणि मागची टाळू गर्भात वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या रीतीने जुळतात, म्हणून एक जोड पूर्ण होऊनही दुसरा राहू शकतो. गर्भधारणेनंतरच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात नाकाकडचा मधला उंचवटा आणि दोन्ही गालांकडचे उंचवटे एकमेकांना चिकटून वरचा ओठ तयार होतो. हा सांधा मध्यरेषेवर नसून तिच्या दोन्ही बाजूंना असल्याने फाटलेला ओठ बहुधा नाकपुडीखालीच दिसतो. टाळूच्या दोन फळ्या मात्र आधी जिभेच्या दोन्ही कडांना खाली लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली सरकते, फळ्या उचलल्या जाऊन आडव्या होतात आणि पुढून मागे जुळत बाराव्या आठवड्यापर्यंत पडजिभेशी पोहोचतात. खालचा जबडा फार लहान राहिला, तर जीभ वरच अडकते, फळ्यांना जागा मिळत नाही आणि इंग्रजी ‘यू’च्या आकाराची रुंद फट उरते, अशा बाळाची हनुवटी मागे दिसते आणि उताणे निजवल्यास त्याला श्वास घेणे जड जाऊ शकते, त्यामुळे ही खूण डॉक्टरांना अवश्य दाखवावी. अर्थात प्रत्येक फटीमागे जबडाच असतो असे नाही. फळ्या मुळातच अपुऱ्या वाढणे, आनुवंशिकता आणि गरोदरपणातील काही औषधे हीही कारणे असतात. ग्रहणाचा मात्र याच्याशी काहीही संबंध नाही.